नामंजुरीचे पत्र : कठोर मसुदा आणि त्याची फेररचना

दुभती गाय दगावली म्हणजे पशुपालकाच्या घरचे दुधाचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. तिचा विमा उतरविलेला असेल तर कुटुंबाला त्या रकमेचा आधार वाटतो. अशा वेळी दोन-अडीच महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र येते आणि त्यात दावा नामंजूर झाल्याचे चार ओळींत कळविलेले असते. ते पत्र पशुपालक बहुधा एकट्याने वाचीत नाही. तो ते ग्रामसेवकाकडे, पशुधन पर्यवेक्षकाकडे किंवा दूध संस्थेच्या सचिवाकडे घेऊन जातो आणि विचारतो, ‘यात काय लिहिले आहे, आणि आता पुढे काय करायचे?’ पत्र नीट लिहिलेले असेल तर या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यातच मिळते. नीट नसेल तर वाचून दाखविणाऱ्यालाही ते सांगता येत नाही.

येथे एक प्रकरण उदाहरणादाखल घेतले आहे. एका पशुपालकाच्या गोठ्यात चार संकरित होल्स्टीन गायी होत्या. चारही गायींचा विमा १० जून २०२४ रोजी प्रत्येकी ६०,००० रुपयांस एक वर्षासाठी उतरविला होता. त्या वेळी प्रत्येक गायीच्या डाव्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला होता व तो क्रमांक विमापत्रात लिहिला होता. नोव्हेंबरमध्ये एका गायीच्या कानातील बिल्ला गव्हाणीच्या तारेत अडकून तुटला व हरवला. शनिवार, १८ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी ती गाय पोटफुगीने दगावली. रविवारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केले. सोमवारी पशुपालकाने कंपनीच्या शाखेत सूचना दिली व नंतर आठ दिवसांत दावा अर्ज भरला. अर्जात त्याने लिहिले की, बिल्ला पडल्याचे आपण विमा उतरवून देणाऱ्या प्रतिनिधीस तोंडी सांगितले होते.

शाखेत तयार झालेला पत्राचा पहिला मसुदा असा होता :

‘आपला दावा संशयास्पद असून मृत जनावराच्या कानात बिल्ला नव्हता. बिल्ला नाही तर दावा नाही. आपण बिल्ला पडल्याची सूचना दिली नाही व मृत्यूची सूचनाही उशिरा दिली. सबब नाइलाजास्तव आपला दावा फेटाळण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम असून याबाबत पुढील पत्रव्यवहार केला जाणार नाही. फाईल बंद करण्यात आली आहे.’

हे पत्र कठोर आहे, हे कोणाच्याही लक्षात येईल. ते कायद्याच्या दृष्टीनेही कच्चे आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. पत्र जितके रोखठोक तितके ते भक्कम, असा कार्यालयांतून एक समज रूढ आहे. वरील मसुद्यातील वाक्ये एक-एक करून तपासली असता तो समज खोटा ठरतो. शाखेतील वरिष्ठ अधिकाऱ्याने हा मसुदा परत पाठविला व दावे पाहणाऱ्या लिपिकास बोलावून प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिण्यास सांगितले : ‘हे कशावरून?’

पहिला शब्द ‘संशयास्पद’. संशय कोणता? दगावलेली गाय विम्याची नसून दुसरी होती, असे कंपनीचे म्हणणे असेल तर तो फसवणुकीचा आरोप होतो, आणि आरोप करणाऱ्यावर तो पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी येते. फायलीत असा पुरावा नव्हता. होते ते इतकेच की, गायीची ओळख पटली नव्हती. ओळख न पटणे आणि फसवणूक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदपत्रांविषयी आहे, दुसरी माणसाविषयी. गावात असे पत्र चारचौघांत वाचले जाते, तेव्हा ‘संशयास्पद’ या एका शब्दाने पशुपालक सगळ्यांसमोर लबाड ठरतो. तो शब्द काढल्याने कंपनीचे काहीच कमी होत नाही, कारण नामंजुरीचा आधार तो नव्हताच.

दुसरे वाक्य ‘बिल्ला नाही तर दावा नाही’. ही म्हण विमा प्रतिनिधींच्या तोंडी सर्वत्र ऐकू येते, परंतु ती म्हणजे विमापत्रातील अट नव्हे. नामंजुरी कोणत्या अटीनुसार होत आहे ते कंपनीने लेखी कळविले पाहिजे. म्हणून मूळ विमापत्र काढून पाहण्यात आले. त्यातील अटीचा आशय असा होता की, जनावर मेल्यास त्याच्या कानातील बिल्ला दाव्याबरोबर सादर करावा, तसेच विम्याच्या मुदतीत बिल्ला पडल्यास विमाधारकाने ते कंपनीस ताबडतोब लेखी कळवून नवा बिल्ला बसवून घ्यावा. म्हणजे अटीत दोन कर्तव्ये सांगितली होती आणि दोन्ही म्हणीत दिसत नव्हती. मूळ विमापत्र इंग्रजीत असेल तर त्या अटीचा मराठी अनुवाद पत्रात देताना तो मूळ अटीपेक्षा कडक होणार नाही, याची खबरदारी घ्यावी लागते. ‘ताबडतोब’ या शब्दाऐवजी एखादा लिपिक सवयीने ‘२४ तासांत’ असे लिहून जातो. पुढे वाद झाला तर अटीत नसलेली मुदत पत्रात घातल्याचे दिसते आणि सगळे पत्रच लटके पडते. त्यासाठी विमापत्राच्या त्या पानाची प्रत पत्रासोबत जोडणे हा साधा व चांगला मार्ग आहे.

तिसऱ्या वाक्याने बराच वेळ घेतला. ‘आपण बिल्ला पडल्याची सूचना दिली नाही’ असे मसुदा म्हणतो, तर पशुपालक म्हणतो, ‘मी प्रतिनिधीस सांगितले होते’. या दोघांत खरे कोणाचे, हे लिपिकास ठाऊक नव्हते. त्याने आवक नोंदवही नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ पर्यंत पाहिली. त्या गायीच्या क्रमांकाची नोंद सापडली नाही. प्रतिनिधीस विचारले असता त्याने आपणास आठवत नाही असे सांगितले. तेव्हा कंपनीस खात्रीने म्हणता येण्याजोगे एवढेच होते की, कार्यालयात अशी नोंद आढळली नाही व अटीप्रमाणे लेखी सूचना मिळालेली नाही. ‘आपण सांगितले नाही’ आणि ‘आमच्याकडे नोंद आढळली नाही’ या दोन वाक्यांत फरक मोठा आहे. पहिले वाक्य पशुपालकाला खोटे पाडते आणि उद्या प्रतिनिधीची आठवण जागी झाली तर कंपनीलाच खोटे पाडील. दुसरे वाक्य कंपनीने स्वतः काय तपासले तेवढेच सांगते आणि म्हणून ते टिकते. सौम्य वाक्य आणि कायद्याने सुरक्षित वाक्य हे येथे एकच निघाले. बहुतेक ठिकाणी असेच आढळते.

‘मृत्यूची सूचनाही उशिरा दिली’ हे कारण लिपिकाने केवळ पत्राला वजन यावे म्हणून घातले होते. त्यामागे एक भीतीही होती, आणि ती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गलाडा पॉवर विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात व २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात असे धरले आहे की, नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिले नाही ते कंपनीला नंतर वादाच्या वेळी पुढे आणता येत नाही. त्या दोन्ही प्रकरणांत उशिराच्या सूचनेचाच प्रश्न होता. म्हणून सुचतील तितकी कारणे पत्रात भरून ठेवण्याची प्रवृत्ती होते. काही कार्यालये पत्राच्या शेवटी ‘कंपनीच्या इतर हक्कांना बाधा न येता’ असे एक वाक्य ठेवतात. ते ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या भरवशावर पत्रात नसलेले कारण पुढे काढता येईल असे समजू नये.

या निर्णयांचा योग्य अर्थ असा की, खरे कारण एकही सुटू नये. पोकळ कारणे जमवावीत असा त्यांचा अर्थ नाही. प्रस्तुत प्रकरणात शनिवारी सायंकाळी मृत्यू, रविवारी शवविच्छेदन आणि सोमवारी शाखेत सूचना असा क्रम होता. रविवारी शाखा बंद होती. शिवाय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांना कळविलेच होते की, केवळ सूचनेस विलंब झाला एवढ्यावरून खरे दावे यांत्रिक पद्धतीने नाकारू नयेत. असे कारण पत्रात राहिले तर वाचणारा लवाद प्रथम तेच उचलून धरील आणि त्याच्या जोडीचे खरे कारणही संशयाने पाहील. वरिष्ठांनी ते वाक्य खोडले व ते खोडण्याची कारणे फायलीवर टिपून ठेवली.

‘नाइलाजास्तव’ या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. तो नम्रतेसाठी लिहितात. पण निर्णय कंपनीने कागदपत्रे पाहून घेतलेला असतो. तिच्यावर कोणी बळजबरी केलेली नसते. अशा शब्दाने दुःख हलके होत नाही, फक्त निर्णय कोणी घेतला हे झाकले जाते. त्याचप्रमाणे दुसऱ्या टोकाची चूकही टाळावयास हवी. मसुदा मऊ करण्यास सांगितल्यावर लिपिकाने पुढील वाक्य लिहून आणले : ‘आपला दावा रास्त आहे याची आम्हांस जाणीव आहे, तथापि नियमांमुळे आम्ही रक्कम देऊ शकत नाही. आपण पुन्हा अर्ज केल्यास नक्की विचार करू.’ हे वाक्य कानाला गोड आहे, पण ते पहिल्या मसुद्याहून घातक आहे. दावा रास्त आहे असे कंपनीनेच लिहून दिल्यावर तो नामंजूर का, याला उत्तर उरत नाही. ‘नक्की विचार करू’ हे वाचून पशुपालक रक्कम मिळणार असे धरून चालतो, उसनवारी करतो आणि तक्रारीची मुदत घालवून बसतो. खोटी आशा लावणाऱ्या पत्रात सहानुभूती आहे असे म्हणता येत नाही.

‘हा निर्णय अंतिम असून पुढील पत्रव्यवहार केला जाणार नाही’ हे वाक्य तर सरळसरळ चुकीचे आहे. नामंजुरीविरुद्ध कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन करता येते. त्यावर एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक वाटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते, तेथे शुल्क लागत नाही व वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये पुणे, मुंबई व ठाणे येथे आहेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र प्रकरण आयोगापुढे चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून कोठे जावयाचे हे आधी ठरवावे. ज्याला हे मार्ग ठाऊक नाहीत त्याला ते सांगितलेच पाहिजेत. ‘अंतिम’ हा शब्द त्याला ते नाहीतच असे सांगतो.

एवढी छाननी झाल्यावरही दावा मंजूर करता येईल, असे मात्र निघाले नाही. नवे पत्र लिहिण्यापूर्वी पाहिलेल्या कागदपत्रांची यादी करावयाची ठरली आणि त्या निमित्ताने लिपिकाने छायाचित्रे प्रथमच जवळ जवळ ठेवून पाहिली. होल्स्टीन गायीच्या अंगावरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येक गायीची निराळी असते. त्यावरून ओळख पटू शकते. पण विमा उतरविताना घेतलेले छायाचित्र कानातील बिल्ला दिसावा म्हणून डाव्या बाजूने घेतले होते, आणि शवविच्छेदनाच्या वेळी गाय डाव्या कुशीवर पडलेली असल्याने त्या छायाचित्रात उजवी बाजू दिसत होती. आरोग्य दाखल्यात ‘संकरित, काळी-पांढरी, वय ५ वर्षे’ एवढेच वर्णन होते. ते त्या गोठ्यातील चारही गायींना लागू पडले असते. अडचण नेमकी कोठे आहे हे आता कार्यालयाला समजले, आणि जे समजले ते पशुपालकाला सांगता येण्यासारखे होते.

शेवटी गेलेले पत्र असे होते :

‘श्री. … यांस, सप्रेम नमस्कार.

आपली दुभती गाय १८ जानेवारी २०२५ रोजी पोटफुगीने दगावल्याचे आपल्या दावा अर्जावरून व शवविच्छेदन अहवालावरून कळले. आपल्या कुटुंबाच्या या हानीबद्दल आम्हांस खेद वाटतो. आपल्या दाव्याची कागदपत्रे तपासून कंपनीने हा दावा सध्या उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून मंजूर न करण्याचा निर्णय घेतला आहे. त्याचे कारण खाली दिले आहे.

विमापत्रातील अट क्रमांक ७ प्रमाणे मृत जनावराच्या कानातील बिल्ला दाव्याबरोबर सादर करावयाचा असतो, आणि मुदतीत बिल्ला पडल्यास ते कंपनीस ताबडतोब लेखी कळवून नवा बिल्ला बसवून घ्यावयाचा असतो. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या दाव्याबरोबर बिल्ला आलेला नाही. तो नोव्हेंबरमध्ये पडल्याचे प्रतिनिधीस तोंडी सांगितले होते असे आपण अर्जात लिहिले आहे. आम्ही शाखेची आवक नोंदवही पाहिली व प्रतिनिधीकडे चौकशी केली. अशी सूचना मिळाल्याची नोंद आढळली नाही.

बिल्ल्याखेरीज इतर पुराव्याने ओळख पटते काय, हेही आम्ही पाहिले. दावा अर्ज, आरोग्य दाखला, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि दोन्ही वेळची छायाचित्रे तपासली. विम्याच्या वेळचे छायाचित्र गायीच्या डाव्या बाजूचे व मृत्यूनंतरचे उजव्या बाजूचे असल्याने दोन्ही गायी एकच असल्याचे त्यांवरून ठरविता येत नाही.

ही ओळख पटविणारा आणखी काही पुरावा आपल्याकडे असल्यास तो या शाखेकडे पाठवावा. त्याची तपासणी विमापत्राच्या अटींनुसार करून निर्णय आपणास लेखी कळविण्यात येईल. असा पुरावा पाठविल्याने दावा मंजूर होईलच असे नाही.

हा निर्णय आपणास मान्य नसल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन करता येईल. त्यानंतर विमा लोकपालाकडे, किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल. पत्ते व मुदती सोबतच्या कागदावर दिल्या आहेत. शाखेकडे पुरावा पाठविल्याने त्या मुदती वाढत नाहीत.

आपल्या उरलेल्या तीन गायींचा विमा ९ जून २०२५ पर्यंत चालू आहे. त्यांच्या कानातील बिल्ले जागेवर आहेत याची कृपया खात्री करावी. एखादा पडला असल्यास या शाखेस लेखी कळवून पोच घ्यावी व पशुवैद्यकीय दवाखान्यात नवा बिल्ला बसवून त्याचा क्रमांक विमापत्रावर नोंदवून घ्यावा.

आपला विश्वासू …’

हे पत्र पहिल्यापेक्षा बरेच लांब आहे आणि निर्णय मात्र तोच आहे. दुःखाची भावना एका वाक्यात आली आहे. ती अधिक लांबविली असती तर वाचणाऱ्याने निर्णयाची वाट पाहत चार ओळी उगाच आशेवर काढल्या असत्या. म्हणून निर्णय लगेच पुढच्या वाक्यांत ठेवला आहे. पशुपालकाने जे म्हटले होते ते पत्रात त्याच्याच शब्दांत आले आहे, म्हणजे आपला अर्ज कोणी तरी वाचला हे त्याला दिसते. ‘सध्या उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून’ हे शब्द कंपनीचा निर्णय पक्का ठेवूनही नव्या पुराव्याला वाट ठेवतात. ‘मंजूर होईलच असे नाही’ हे वाक्य काहीसे रुक्ष वाटेल. ते ठेवावे की नाही यावर शाखेत मतभेद झाला. पण ते काढले असते तर त्याआधीच्या वाक्याला आश्वासनाचा वास आला असता. शेवटचा परिच्छेद कायद्याला आवश्यक नाही. तरीही गोठ्यातील तीन गायींच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी परिच्छेद तोच आहे.

असे पत्र ग्रामसेवकाकडे किंवा पर्यवेक्षकाकडे वाचावयास आले म्हणजे प्रथम ते कोणत्या दिवशी हाती पडले ती तारीख त्यावर लिहावी व पाकीट जपून ठेवावे, कारण पुढील मुदती त्यावरून मोजाव्या लागतात. नंतर पत्रात नामंजुरीचे कारण कोणते आहे ते बोटाने दाखवून पशुपालकास सांगावे. कारण एका वाक्यात सांगता येत नसेल, किंवा अटीचा क्रमांकच नसेल, तर त्या पत्रास उत्तर देण्याआधी ‘नामंजुरी कोणत्या अटीखाली आहे ते कळवावे’ असे शाखेस लेखी विचारावे. वरील पत्रात कारण स्पष्ट आहे, म्हणून शोध कशाचा करावयाचा हेही स्पष्ट आहे : बिल्ला कानात असतानाची त्या गायीची उजवी बाजू दिसेल असे काही तरी. बारा अंकी क्रमांकावर दवाखान्यात झालेल्या लसीकरणाच्या व कृत्रिम रेतनाच्या नोंदी गाय अस्तित्वात होती हे दाखवितात, परंतु मेलेली गाय तीच होती हे त्यांनी एकट्याने सिद्ध होत नाही.

या प्रकरणी पत्र वाचून दाखविणाऱ्या पर्यवेक्षकाने पशुपालकास विचारले की, गायींची छायाचित्रे घरात कोणाच्या मोबाईलवर आहेत काय. पशुपालक नाही म्हणाला. त्याच्या सुनेने मात्र २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, वसुबारसेच्या दिवशी, गाय-वासराची पूजा करताना काढलेली तीन छायाचित्रे दाखविली. त्यांपैकी एकात गाय उजवीकडून उभी होती आणि तिने मान वळविल्यामुळे डाव्या कानातील पिवळा बिल्लाही दिसत होता. मोठे करून पाहिल्यावर क्रमांकाचे शेवटचे पाच अंक वाचता आले. त्या छायाचित्राची मोठी प्रत काढण्यात आली, शवविच्छेदनाच्या वेळच्या छायाचित्राची प्रत दवाखान्यातून घेऊन तिला जोडण्यात आली, आणि दोहोंतील खांद्यावरचा व मांडीवरचा पांढरा पट्टा लाल शाईने दाखवून निवेदन शाखेत दिले गेले. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेण्यास पशुपालक विसरला नाही.